तारेवरच्या आकड्याचा ताळा

कारखान्याच्या पॅनलमध्ये एक वीजमीटर बसवलेला असतो. त्याच्या मागून दोन बारीक तारा निघतात आणि पन्नास-शंभर मीटर लांब, कंट्रोल रूममधल्या संगणकापर्यंत जातात. संगणक दर सेकंदाला मीटरला विचारतो, व्होल्टेज किती? मीटर उत्तर देतो, २३५.०. एक दिवस त्याच पॅनलमधला मोठा कॉन्टॅक्टर पडतो, ठिणगी उडते आणि त्याच क्षणी तारेवरून चाललेलं उत्तर बिघडतं. संगणकावर आकडा दिसतो २०९.५.

हा आकडा हजार किंवा शून्य असता तर कोणालाही शंका आली असती. पण २०९.५ व्होल्ट आपल्याकडे कुठेही दिसू शकतात. संगणक तो खरा मानणार, कमी व्होल्टेजचा अलार्म वाजवणार, कदाचित एखादी मोटार बंदही करणार. मग वायरमन पॅनल उघडून तपासत बसणार आणि त्याला काहीच सापडणार नाही. तारेवर आकडा हरवला तर निदान हरवल्याचं कळतं, तो पुन्हा मागता येतो. खरा वाटणारा खोटा आकडा मात्र जास्त नुकसान करतो, कारण त्याच्यावर कोणी संशयच घेत नाही. म्हणून अशा प्रत्येक उत्तराच्या शेपटीला दोन जादा बाइट जोडलेले असतात. त्यांना म्हणतात सीआरसी, म्हणजे सायक्लिक रिडन्डन्सी चेक. हे दोन बाइट काय करतात आणि काय करत नाहीत, हे मीटरच्या याच उत्तरावर पाहू.

हे मीटर बहुतेक वेळा मॉडबस नावाच्या भाषेत बोलतात. अमेरिकेतल्या मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आपल्या कंट्रोलरसाठी ती तयार केली आणि आज सोलर इन्व्हर्टरपासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळीकडे ती चालते. खालची तार बहुधा आरएस-४८५ जातीची असते. तिच्यात दोन तारांमधल्या दाबाचा फरक पाहिला जातो. फरक एका बाजूला २०० मिलिव्होल्टच्या वर गेला की एक, उलट बाजूला गेला की शून्य. गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच आला तर फरक बदलत नाही, म्हणून ही पद्धत दणकट आहे. पण तारांना पीळ नसेल, मोटारीच्या केबलशेजारून त्याच ट्रेमधून त्या नेल्या असतील, टोकाला १२० ओहमचा रेझिस्टर लावायचा राहिला असेल, तर गोंगाट दोघींवर सारखा येत नाही आणि एकाचं शून्य होऊन जातं.

९६०० बॉड या नेहमीच्या वेगाला एक बिट तारेवर साधारण १०४ मायक्रोसेकंद राहतो. ठिणगीचा गोंगाट एक मिलिसेकंद टिकला तरी त्याच्या तडाख्यात सलग नऊ-दहा बिट सापडतात. बिट एकेकटे सुटे क्वचितच बिघडतात. ते झुबक्याने बिघडतात, आणि सीआरसीची मांडणी नेमकी याच सवयीवर बेतलेली आहे.

आता ते उत्तर पाहू. ‘पत्ता १ चा मीटर, वाचनाचं काम ३, पुढे दोन बाइट माहिती, आणि माहिती २३५०’, हे सगळं तारेवर असं जातं (२३५० म्हणजे २३५.०, दशांशचिन्ह संगणक नंतर लावतो):

```
01 03 02 09 2E
```

शेवटचे `09 2E` हे सोळाच्या पायात लिहिलेले २३५० आहेत. समजा खात्रीसाठी आपण या पाच बाइटची नुसती बेरीज केली आणि ती सोबत पाठवली. बेरीज येते `3D`. कॉन्टॅक्टर पडला, `09` मधला शेवटचा बिट एकाचा शून्य झाला आणि `2E` मधला शेवटचा बिट शून्याचा एक झाला. मिळालं ते असं:

```
01 03 02 08 2F
```

एक बाइट एकाने घटला, दुसरा एकाने वाढला. बेरीज पुन्हा `3D`. संगणक म्हणतो सगळं ठीक, आणि `08 2F` म्हणजे २०९५, म्हणजेच २०९.५ व्होल्ट, दाखवून मोकळा होतो.

जुन्या शाळांत गुणाकाराचा ताळा नवाने पाहायला शिकवत, त्याची इथे आठवण येते. अंकांची बेरीज करायची, नऊ टाकत जायचं, दोन्हीकडे उरलेला अंक जुळला की उत्तर बरोबर. पण उत्तरातले दोन अंक उलटसुलट झाले, ३५२ चे ३२५ झाले, तरी तो ताळा जुळायचाच, कारण बेरजेला कोणता अंक कुठे आहे याच्याशी देणंघेणं नसतं. बाइटांच्या बेरजेचंही तसंच. आपल्या उत्तरात `09 2E` च्या जागी `2E 09` आलं, तरी बेरीज `3D`च राहते.

पॅरिटी बिट ही आणखी जुनी सोय. प्रत्येक बाइटसोबत एक बिट पाठवून बाइटमधले एक सम आहेत की विषम, ते सांगायचं. वरच्या उदाहरणात दोन्ही बाइटमध्ये एकेकच बिट फिरला असल्यामुळे पॅरिटीने ही चूक पकडली असती, हे मान्य करायला हवं. पण एकाच बाइटमध्ये दोन बिट फिरले की पॅरिटीला पत्ता लागत नाही, आणि झुबक्याने येणाऱ्या गोंगाटात ते नेहमीच होतं.

सीआरसीने बेरीज सोडून भागाकार धरला. डब्ल्यू. वेस्ली पीटरसन आणि डी. टी. ब्राउन यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतल्या रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेच्या नियतकालिकात या पद्धतीवर लेख लिहिला आणि तिचं गणित पक्कं केलं. कल्पना अशी की संपूर्ण संदेश हा एक लांबलचक आकडा मानायचा, ठरलेल्या भाजकाने त्याला भागायचं आणि उरलेली बाकी संदेशाच्या मागे जोडून पाठवायची. घेणाऱ्याने बाकीसकट सगळ्याला त्याच भाजकाने भागायचं. निःशेष भाग गेला तर संदेश ठीक, काही उरलं तर वाटेत बिघडला.

हा भागाकार मात्र आपल्या नेहमीच्या भागाकारापेक्षा सोपा आहे, कारण त्यात हातचा नाही. वजाबाकी करायची ती बिटांची जोडी पाहून. दोन्ही बिट सारखे असतील तर शून्य, वेगळे असतील तर एक. छोटं उदाहरण कागदावर करून पाहण्यासारखं आहे. संदेश घेऊ `1101`, भाजक घेऊ `1011`. भाजक चार बिटांचा असल्यामुळे बाकी तीन बिटांची येणार, म्हणून संदेशामागे तीन शून्यं जोडून भागायला सुरुवात करायची:

```
1101000
1011
-------
0110000
 1011
-------
0011100
  1011
-------
0001010
   1011
-------
0000001
```

प्रत्येक पायरीला डावीकडून पहिला एक शोधायचा, त्याच्याखाली भाजक मांडायचा आणि वजा करायचं. बाकी उरली `001`. शून्यांच्या जागी ती बसवली की तारेवर जायचा संदेश झाला `1101001`. घेणाऱ्याने हा आकडा `1011` ने भागला तर बाकी शून्य येते. वाटेत डावीकडून दुसरा बिट फिरून `1001001` मिळालं, तर बाकी येते `111` आणि चूक उघडी पडते.

या भागाकारात एक गोष्ट फार सुंदर आहे. सगळी ताकद तिच्यातच आहे, म्हणून थोडं थांबून ती समजून घ्यावी. घेणाऱ्याला जे मिळतं, ते म्हणजे पाठवलेला संदेश आणि त्यावर पडलेला बिघाड. पाठवलेल्या संदेशाला तर भाजकाने निःशेष भाग जातोच, तो तसा बनवूनच पाठवला आहे. म्हणजे घेणाऱ्याकडे जी बाकी उरते, ती एकट्या बिघाडाची असते. संदेशात व्होल्टेज होतं की तापमान, याचा तिच्याशी संबंध नाही. बिघाड निसटायचा असेल तर एकच वाट आहे. फिरलेल्या बिटांचा नमुना स्वतःच भाजकाच्या पटीत असला पाहिजे.

मॉडबसचा भाजक सतरा बिटांचा आहे आणि बाकी सोळा बिटांची, म्हणजे दोन बाइट. आता सलग सोळा बिटांच्या आत बिघडलेला कोणताही झुबका घ्या. त्याचा नमुना भाजकापेक्षा आखूड असल्यामुळे तो भाजकाच्या पटीत असूच शकत नाही. म्हणून सोळा बिटांपर्यंतचा प्रत्येक झुबका पकडला जातो. इथे शक्यतेची भाषा नाही, ही पक्की हमी आहे. ९६०० बॉडला सोळा बिट म्हणजे दीड मिलिसेकंदाहून थोडं जास्त, आणि आपल्या ठिणगीचा गोंगाट एकाच मिलिसेकंदाचा होता.

हा भाजक लिहायची रीत `0x8005` अशी आहे. त्यात सगळ्यात वरचा, सतरावा बिट गृहीत धरलेला असतो. तारेवर बाइटचा खालचा बिट आधी जातो, म्हणून प्रोग्रॅममध्ये हाच भाजक उलटा करून `0xA001` असा वापरतात. सगळा हिशेब इतक्या ओळींत बसतो:

```c
uint16_t crc16(const uint8_t *p, int n) {
  uint16_t crc = 0xFFFF;
  while (n--) {
    crc ^= *p++;
    for (int i = 0; i < 8; i++)
      crc = (crc & 1) ? (crc >> 1) ^ 0xA001
                      : crc >> 1;
  }
  return crc;
}
```

पहिल्याच ओळीत सुरुवात `0xFFFF` पासून केली आहे, त्याला कारण आहे. सुरुवात शून्यापासून केली असती तर नुसत्या शून्यांच्या संदेशाची बाकीही शून्य आली असती. एखादा बिघडलेला कन्व्हर्टर शून्यामागून शून्यं पाठवत राहिला असता, तर घेणाऱ्याने ते सगळं बिनतक्रार स्वीकारलं असतं.

आपल्या मीटरच्या पाच बाइटवर हा हिशेब केला की `083E` येतं. मॉडबसच्या नियमाप्रमाणे यातला खालचा बाइट आधी जातो. म्हणून पूर्ण फ्रेम अशी होते:

```
01 03 02 09 2E 3E 08
```

आता पुन्हा तीच ठिणगी पडू द्या. संगणकाला `01 03 02 08 2F 3E 08` मिळतं. तो पहिल्या पाच बाइटचा हिशेब स्वतः करतो, त्याला शेवटी `FE 58` हवेत आणि आले आहेत `3E 08`. फ्रेम रद्द. बाइट उलटे होऊन `2E 09` आले असते तर हिशेब `65 E2` निघाला असता, म्हणजे तेही रद्द. ज्या दोन चुकांत बेरीज फसली होती, त्या दोन्ही इथे सापडल्या.

रद्द म्हणजे पूर्ण रद्द. सीआरसी चूक झाली एवढंच सांगते. कुठला बिट फिरला ते शोधून सुधारण्यासाठी हा हिशेब मॉडबसमध्ये वापरत नाहीत. उलट प्रश्नच वाटेत बिघडला आणि मीटरला बिघडलेली फ्रेम मिळाली, तर मीटर गप्प बसतो. ‘समजलं नाही’ असंही तो सांगत नाही, कारण पत्त्याचाच बाइट बिघडला असेल तर प्रश्न आपल्याला होता की शेजाऱ्याला, याचीही त्याला खात्री नसते. संगणक ठरावीक वेळ वाट पाहतो आणि पुन्हा विचारतो. वापरणाऱ्याला दिसतो तो फक्त आकडा यायला लागलेला किंचित उशीर.

हमी सोळा बिटांपर्यंतची. त्यापुढे काय? मॉडबसची फ्रेम जास्तीत जास्त २५६ बाइटची असते आणि तेवढ्या लांबीत कुठेही फिरलेले कोणतेही दोन बिट पकडले जातात. फिरलेल्या बिटांची संख्या विषम असेल तरीही चूक नक्की सापडते. पण या भाजकात फक्त चारच एक आहेत, म्हणून नेमके त्या चार जागांवरचे बिट फिरले तर बिघाड हा भाजकच होतो आणि बाकी शून्य येते. कार्नेगी मेलन विद्यापीठातले फिलिप कूपमन यांनी २००४ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर असे कितीतरी भाजक तपासले आणि दाखवलं की वर्षानुवर्षं वापरात असलेले काही भाजक त्याच आकाराच्या दुसऱ्या भाजकांपेक्षा कमजोर आहेत. मॉडबसचा भाजक आता बदलणं शक्य नाही, कारण जगभर बसवलेली उपकरणं त्याच्यावर चालतात. पण स्वतःचं नवं उपकरण आणि स्वतःची फ्रेम बनवणाऱ्याने पहिला हाताला लागलेला भाजक उचलू नये, हे मला आग्रहाने सांगावंसं वाटतं.

फ्रेमची पार वाताहत झाली असेल, तर निसटण्याची शक्यता साधारण ६५,५३६ मध्ये एक. ऐकायला ही फार कमी वाटते, म्हणून तिचा वेळेत हिशेब करून बघा. तार इतकी वाईट आहे की दर सेकंदाला एक फ्रेम पार बिघडते. ६५,५३६ सेकंद म्हणजे अठरा तासांहून थोडे जास्त. म्हणजे सरासरी रोज एखादी खोटी फ्रेम ताळा जुळवून आत शिरू शकते. त्यातल्या काही पत्ता किंवा लांबी न जुळल्यामुळे गळतील, पण सगळ्याच गळतील असं नाही. गोंगाटाच्या तारेवर ‘सीआरसी आहे ना’ म्हणून निर्धास्त राहणं म्हणूनच चुकीचं आहे. सीआरसी तार दुरुस्त करत नाही. तार बरी असेल तर उरलेल्या थोड्या चुका ती गाळते.

प्रत्यक्षात फ्रेम रद्द होऊ लागल्या की दोष तारेत आहे की प्रोग्रॅममध्ये, हे आधी ठरवावं लागतं आणि ते फारसं अवघड नसतं. प्रत्येक फ्रेम रद्द होत असेल तर आधी प्रोग्रॅम पाहा, कारण गोंगाट इतका नियमित नसतो. सुरुवातीची किंमत चुकलेली असते, उलटा भाजक घ्यायच्या ऐवजी सुलटा घेतलेला असतो, नाहीतर दोन बाइटचा क्रम उलटा झालेला असतो. तपासायला एक सोपी फ्रेम लक्षात ठेवावी. पत्ता १ च्या मीटरला पहिलं एक रजिस्टर विचारणारा प्रश्न असा असतो:

```
01 03 00 00 00 01 84 0A
```

तुमच्या हिशेबात शेवटी `84 0A` च्या जागी `0A 84` आलं तर फक्त क्रम चुकला आहे. भलतंच काही आलं तर भाजक किंवा सुरुवात तपासा. आणखी एक सोय म्हणजे सीआरसीसकट सगळ्या आठ बाइटवर तोच हिशेब चालवला की उत्तर शून्य यायला हवं.

अधूनमधून रद्द होत असेल तर तारेकडे जावं. कधी रद्द होते याची वेळ लिहून ठेवली की कारण बहुतेक वेळा समोर येतं, मोटार सुरू होतानाची वेळ आणि फ्रेम रद्द झाल्याची वेळ एकच निघते. एक फसवा प्रकारही आहे. मॉडबसमध्ये फ्रेम संपल्याची खूण म्हणजे साडेतीन अक्षरांइतकी शांतता, ९६०० बॉडला सुमारे चार मिलिसेकंद. संगणकाला जोडलेला यूएसबी कन्व्हर्टर मधेच अडखळला, तर संगणकाला वाटतं की फ्रेम संपली. तो अर्ध्याच फ्रेमचा हिशेब करतो आणि ताळा चुकतो. तार ठणठणीत असते, बाइटही सगळे बरोबर असतात, तुटलेली असते ती फक्त वेळ. मिळालेले बाइट जसेच्या तसे छापून पाहिले, तर दोन अर्धे तुकडे एकामागे एक सापडतात आणि जोडल्यावर ताळा जुळतो.

दोन गोष्टी सीआरसीच्या कक्षेत मुळातच येत नाहीत. मीटरने मोजलेला आकडाच चुकला असेल, किंवा हिशेब करण्याआधी मीटरच्या आत तो बिघडला असेल, तर चुकीच्या आकड्यावर अगदी बरोबर सीआरसी लागते. आणि कोणी मुद्दाम आकडा बदलून पाठवला, तर तो नवी सीआरसीही काढून लावेल. त्यासाठी लागणारा सगळा हिशेब वर दहा ओळींत छापलाच आहे. लबाडी रोखायला गुप्त किल्ली वापरणाऱ्या वेगळ्या पद्धती लागतात. सीआरसी फक्त अपघातासाठी आहे.

मॉडबसमध्ये एक सोय आहे, तिचा उपयोग फार कमी लोक करतात. काम क्रमांक ८ आणि उपक्रमांक `0C` असा प्रश्न विचारला, तर ज्या उपकरणांत ही सोय ठेवलेली असते ती सांगतात की सुरू झाल्यापासून सीआरसी न जुळलेल्या किती फ्रेम त्यांनी पाहिल्या. तुमच्या उपकरणात ती नसेल तर संगणकाच्या बाजूला स्वतःचा मोजणीदार ठेवा, आणि रद्द झालेली फ्रेम वेळेसह लिहून ठेवा. नवीन केबल टाकल्यावर तो आकडा पहिल्या दिवशी पाहा आणि मग महिन्यातून एकदा पाहत जा. तो वाढायला लागला तर प्रोग्रॅममध्ये पुन्हा विचारायच्या वेळा वाढवू नका. आधी पॅनल उघडून तारेचा पीळ, शिल्ड आणि टोकाचा रेझिस्टर तपासा.